किंग ऑफ वाँड्स आणि क्वीन ऑफ पेंटॅकल्स: ही जोडी वाचायची कशी?

प्रश्न: मी सांगलीला एका सहकारी बँकेत नोकरी करते. साताऱ्याच्या एका मुलाशी लग्नाची बोलणी चालू आहेत. तो पुण्यातली नोकरी सोडून गावी स्वतःचा धंदा टाकणार आहे. मी टॅरो शिकतेय, म्हणून आमच्या दोघांसाठी एकेक कार्ड काढलं. त्याच्यासाठी किंग ऑफ वाँड्स आलं, माझ्यासाठी क्वीन ऑफ पेंटॅकल्स. एका ठिकाणी वाचलं की याहून चांगली जोडी नाही, दुसरीकडे वाचलं की आग आणि माती कधी जुळत नाहीत. हे एकत्र वाचायचं कसं? होकार द्यावा का?

उत्तर:

होकार द्यायचा की नाही, हे या दोन कार्डांत लिहिलेलंच नाही, म्हणून तो भाग आधीच बाजूला ठेवू. तुमच्याकडे आलेली दोन्ही कोर्ट कार्डं आहेत, म्हणजे राजा, राणी, नाइट, पेज यांपैकी. ७८ पानांच्या गड्डीत अशी १६ असतात आणि ती माणसं दाखवतात, किंवा माणसाची वागायची रीत दाखवतात. काय घडतंय, कशावर अडतंय, कुठे वळण येतंय हे एक्का ते दहाची पानं सांगतात, नाहीतर मेजर अर्काना, म्हणजे गड्डीतली स्वतंत्र नावांची मोठी पानं सांगतात. म्हणजे समोर कोण कोण आहे ते तुम्हाला कळलं, पण त्या दोघांत चाललंय काय हे विचारायचं राहून गेलं. ‘याहून चांगली जोडी नाही’ म्हणणारे आणि ‘जुळत नाही’ म्हणणारे दोघेही या रिकाम्या जागेत आपल्या मनाचं भरतात.

आधी चित्रं नीट बघा. मी १९०९ साली लंडनमध्ये निघालेल्या रायडर-वेट गड्डीबद्दल बोलतेय, कारण शिकणाऱ्यांच्या हातात बहुतेक तीच किंवा तिच्यावरून काढलेली गड्डी असते. चित्रं पामेला कोलमन स्मिथची, योजना आर्थर वेटची. राजा सिंहासनावर आहे, पण टेकून बसलेला नाही. पुढे सरकून, आता उठेल असा बसलाय. सिंहासनाच्या पाठीवर सिंह आणि सॅलमँडर आहेत. सॅलमँडर म्हणजे आगीत राहतो अशी जुनी युरोपी समजूत असलेला सरड्यासारखा प्राणी. राजाच्या हातातल्या काठीला पालवी फुटलीय. आता त्याच्या पायाखाली बघा: जमीन उघडी आहे, झाड नाही, झुडूप नाही. हिरवं म्हणून जे उगवलंय ते त्याच्या हातातल्या काठीवर.

राणीचं उलटं आहे. वर गुलाबाची कमान, भोवती हिरवळ, कोपऱ्यात ससा, सिंहासनाच्या हातावर बोकडाचं मुंडकं. नाणं तिच्या मांडीवर आहे आणि दोन्ही हातांनी धरलंय. तिची नजर त्या नाण्यावर आहे. राजा लांब कुठेतरी बघतोय, राणी मांडीवर बघतेय, आणि दोघांपैकी एकमेकांकडे कुणीच बघत नाहीये. मी ही जोडी वाचते तेव्हा माझं पहिलं वाक्य इथूनच निघतं. या दोन माणसांत प्रेम कमी आहे असं नाही. त्यांच्या नजरेचा पल्ला वेगळा आहे. एकाला पाच वर्षांनंतरचं स्पष्ट दिसतं आणि पुढच्या महिन्याचं धूसर, दुसऱ्याला पुढच्या महिन्याचं पैशापर्यंत दिसतं आणि पाच वर्षांचं बोलणं हवेतलं वाटतं. भांडण बहुतेक वेळा योजनेवर होत नाही, कुठल्या तारखेकडे बघायचं यावर होतं.

इथे दोन सवयी मोडायला सांगते. पहिली म्हणजे राजाला सिनेमातला नायक करून टाकणं. वेटने स्वतः दिलेल्या अर्थांत हा राजा उमदा आणि तडफदार आहे, पण त्याचबरोबर गावाकडचा माणूस आहे, बहुधा लग्न झालेला, प्रामाणिक आणि सचोटीचा. ‘जग जिंकणारा उद्योजक’ हे पुढच्या काळात चिकटलेलं आहे. दुसरी सवय म्हणजे राणीला स्वयंपाकघरात बसवणं. ‘ती घर सांभाळेल, त्याला आधार देईल’ असं वाचणारे फार आहेत. पण वेटच्या यादीत तिच्यापुढे संपन्नता, उदारपणा, सुरक्षितता हे आहे, आणि शेवटी स्वातंत्र्यही आहे. बाग तिची आहे. ती कुणाच्या बागेची राखण करत बसलेली नाही. धाडसी जोडीदाराला तिने जमीन द्यायची की नाही, दिली तर किती, हे ठरवायचा हक्क तिच्याकडे आहे. हे सुटलं की तिचं सगळं वाचन ‘समजून घे, सांभाळून घे’ एवढ्यावर येऊन थांबतं.

आणि राजा म्हणजे नवरा, राणी म्हणजे बायको असंही गृहीत धरू नका. तुम्ही कार्डं नाव घेऊन काढलीत, त्यामुळे तुमच्या बाबतीत प्रश्न नाही. पण पुढे दुसऱ्यांसाठी वाचाल तेव्हा लिंग बघून वाटणी करायची नाही. कोण आधी उडी मारतं आणि कोण आधी खोली बघतं, हे विचारायचं.

आता आग आणि माती. वाँड्स म्हणजे काठ्या, त्या अग्नीच्या; पेंटॅकल्स म्हणजे नाणी, ती पृथ्वीची; स्वोर्ड्स म्हणजे तलवारी, त्या वायूच्या; कप्स म्हणजे पेले, ते जलाचे. ही तत्त्वांची जुळवाजुळव लंडनमध्ये १८८८ साली सुरू झालेल्या गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळाकडून आली. वेट आणि स्मिथ दोघेही त्यात होते. त्यांच्या पद्धतीत अग्नी आणि जल एकमेकांना मारक, वायू आणि पृथ्वी एकमेकांना मारक. अग्नी आणि पृथ्वी मात्र शत्रू नाहीत. ती एकमेकांना फार बळ देत नाहीत, पण तोडतही नाहीत. त्यामुळे ‘कधी जुळत नाहीत’ हे त्या पद्धतीनेच चूक आहे. त्यातही राणी म्हणजे नुसती माती नाही. राण्यांना बहुतेक सगळे वाचक जलतत्त्व देतात, म्हणजे ही झाली ओली माती. राजांना अग्नी द्यायचा की वायू, यावर मतभेद आहेत; मी अग्नी धरते. ओली माती आणि दुप्पट आग एकत्र आली की काय होतं ते कृष्णाकाठच्या वीटभट्ट्यांवर बघायला मिळतं: आच बेताची लागली तर पक्की वीट, कमी पडली तर कच्ची, जास्त झाली तर तडकलेली. म्हणून या जोडीत विचारायचं ते आचेचं प्रमाण. आणि ते या दोन कार्डांत नाही, दोघांच्या मधल्या कार्डात आहे.

यासाठी मी एकच कार्ड जास्तीचं काढते आणि दोघांच्या मधे ठेवते. वर सांगितलेला नियम इथे कामाला येतो. वायू आगीला फुलवतो आणि मातीला मानवत नाही, त्यामुळे मधे स्वोर्ड्सचं पान आलं तर ते राजाच्या बाजूने झुकतं. जल मातीला पोसतं आणि आगीवर पडतं, त्यामुळे कप्सचं पान राणीच्या बाजूने झुकतं. वाँड्स आलं तर आग दुप्पट आणि राणी एकटी. पेंटॅकल्स आलं तर घराचं पारडं जड आणि राजाची घुसमट. झुकणं वाईट नसतं, पण कुणाच्या बाजूला झुकलंय हे कळलं की त्या पानाचं चित्र कुणाच्या डोळ्यांनी बघायचं ते ठरतं.

एक उदाहरण सविस्तर सांगते; ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. मिरजेजवळच्या गावातलं जोडपं आलं होतं. त्याची हळदीची शेती, आणि माणूस अतिशय हिशोबी. तिला कुपवाडच्या एमआयडीसीत छोटा गाळा घेऊन हळद दळून, पाकिटं भरून विकायची होती. दोघांनी आपापलं कार्ड स्वतः उचललं. तिला किंग ऑफ वाँड्स आलं, त्याला क्वीन ऑफ पेंटॅकल्स. तो हसला, “आता मी राणी व्हय?” ती म्हणाली, “मग? हिशोबाची वही कुणाकडं असती?” वाटणी तिनेच करून टाकली, मला बोलावं लागलं नाही.

मधे आलं सेव्हन ऑफ स्वोर्ड्स. चित्रात छावणीतून एक माणूस पाच तलवारी उचलून चवड्यावर चालत निघालाय, दोन तलवारी मागे रोवलेल्याच राहिल्यात, आणि तो जाताना मागे वळून बघतोय. पान वायूचं, म्हणजे झुकणार तिच्या बाजूला: आग वाढतेय, माती कोरडी पडतेय. पण हे पान आलं रे आलं की ‘फसवणूक’ म्हणून मोकळं व्हायचं नसतं. नवरा-बायको समोर बसलेले असताना तर नाहीच. मी दोघांनाही एकत्र एकच प्रश्न विचारला: या व्यवहारातली अशी एखादी गोष्ट आहे का, जी एकाला ठाऊक आहे आणि दुसऱ्याला नाही?

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने सांगितलं की आईने दिलेल्या पाटल्या गहाण ठेवून गाळ्याची अनामत भरून झालीय. त्याला राग आला, पण पैशाचा नव्हता. आपल्याला शेवटी कळलं, याचा होता. आता पान परत बघा. पाच तलवारी गेल्यात, दोन अजून जागेवर आहेत. म्हणून मी विचारलं, अजून काय व्हायचं बाकी आहे? भाडेकरार व्हायचा होता आणि चक्की घ्यायची होती. या दोन गोष्टी अजून दोघांनी मिळून ठरवता येण्यासारख्या होत्या, आणि बोलणं तिथून पुढे नीट सुरू झालं.

खरा पेच तिथेच निघाला. तिला दिवाळीला पाकिटं बाजारात हवी होती. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावलेली हळद काढायला जानेवारी-फेब्रुवारी उजाडतो. मग शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची, तेव्हा कुठे ती दळायला किंवा सांगलीच्या मार्केट यार्डात न्यायला तयार होते. म्हणजे दिवाळीला घरची नवी हळद नसणारच होती. बाहेरून विकत घेतली तर भांडवल अडकणार. राजाचं घड्याळ आणि राणीचं घड्याळ वेगळं चालतं ते हे असं. तो म्हणाला, पहिल्या वर्षी घरच्या पिकाचा चौथा हिस्सा दळायला देतो, बाकीचा नेहमीसारखा यार्डात जाईल आणि घर त्यावर चालेल. दिवाळी सोडून दे. तिने थोडी घासाघीस केली आणि मान्य केलं. राणीने जमीन दिली, पण मोजून दिली. पेंटॅकल्सच्या राणीचा उदारपणा असा दिसतो.

लपवलेलं काही निघालंच नसतं तर? मग मी ते पान ‘ती हे सगळं एकटीने ओढतेय’ असं वाचलं असतं, आणि त्याला विचारलं असतं की गाळा बघायला तो किती वेळा गेला. त्याच्या उत्तरातून तेही खरं नाही असं निघालं असतं, म्हणजे तो बरोबरीने फिरत असता, तर पान मला समजलेलं नाही असं सरळ सांगितलं असतं. ओढूनताणून अर्थ बसवला की ऐकणारा माणूस आपल्या आयुष्यात नसलेली गोष्ट शोधत बसतो, आणि नवरा-बायकोच्या प्रकरणात त्याचं नुकसान फार होतं. पुढे तो गाळा चालला की नाही, ते इथे लिहीत नाही. धंदा चालणं न चालणं बाजारावर असतं, त्यावरून वाचन बरोबर की चूक ते ठरत नाही.

आता तुमच्याकडे येते. तुमची नोकरी बँकेतली आहे, आणि त्यामुळे या जोडीतला धोका तुमच्या बाबतीत जरा जास्तच स्पष्ट आहे. पगार दर महिन्याला ठरल्या तारखेला येणारी, कागद समजणारी बायको म्हणजे धंदा काढणाऱ्याला सगळ्यात सोयीचा जामीनदार. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, हे तुम्हाला मी सांगायला नको. मुलगा लबाड आहे असं मला म्हणायचं नाही. हा राजा वेटच्या मते सचोटीचाच आहे. पण त्याच्या पायाखाली जमीन उघडी आहे, आणि हिरवी जमीन समोर दिसली की कुणीही काठी तिथेच रोवायला बघेल. राणीच्या हातात ते नाणं आहे तोवर ती राणी.

तेव्हा मधलं कार्ड काढायच्या आधी त्याच्याशी बोला. धंद्याला पैसे लागेपर्यंत नव्हे, धंद्यातून घरात पैसे येईपर्यंत किती महिने धरलेत, हे विचारा. ते महिने घर कशावर चालणार, तुमच्या पगारावर की त्याने बाजूला ठेवलेल्या पैशांवर, हे विचारा. कर्जाच्या कागदावर तुमचं नाव येणार आहे का, हेही आत्ताच विचारा. साखरपुडा झाल्यावर हा प्रश्न विचारणं आपल्याकडे फार अवघड होतं. तो आकड्यांत बोलतो की ‘होईल सगळं’ म्हणतो, हे ऐका. आकडे चुकीचे असले तरी चालतील. नुसत्या उत्साहावर निभावून नेत असेल, तर तो सुलट राजा नाही असं समजायला जागा आहे.

उलटं कार्ड आलं तर काय, हे थोडक्यात. उलट्या राजाला वेट वाईट म्हणत नाही. चांगला पण कडक, असं म्हणतो. हल्लीचे वाचक तिथे उतावळेपणा आणि हुकूम चालवणं वाचतात, आणि माझ्या अनुभवात तेच जास्त लागू पडतं. उलट्या राणीत संशय, भीती, अविश्वास येतो. ती हिशोब मागते, पण हिशोब मिळाला तरी तिचं समाधान होत नाही. तुमच्या बाबतीत हे ओळखायचं सोपं आहे: त्याने आकडे दिल्यावर तुमची काळजी कमी झाली की तुम्ही नवीन काळजी शोधलीत?

बोलणं झाल्यावर ती दोन कार्डं आली त्याच क्रमाने मांडा, आणि ‘त्याच्या धाडसाची किंमत आमच्यापैकी कोण देतंय’ असा प्रश्न मनात धरून मधे एक काढा. समजा फोर ऑफ पेंटॅकल्स आलं, छातीशी नाणं कवटाळून बसलेला माणूस. पान पृथ्वीचं, तुमच्या बाजूचं, म्हणून ते तुमच्या डोळ्यांनी वाचायचं: तुम्ही धरून बसलाय, आणि ते योग्य आहे की नाही हे त्याच्या उत्तरांवर ठरेल. त्याने नीट आकडे दिलेले असतील तर मूठ थोडी सैल करा. दिलेले नसतील तर पान तुमच्या मुठीला दुजोराच देतंय. एकाच पानाचे हे दोन अर्थ वेगळे करायला ते बोलणं हवं, म्हणून आधी बोला म्हटलं.

मेजर अर्काना आलं तर झुकण्याचा नियम सोडून द्या आणि ते पान स्वतःच्या बळावर वाचा. तिसरं कोर्ट कार्ड आलं तर दोघांच्या मधे तिसरं माणूस आहे. क्वीन ऑफ स्वोर्ड्स बघून लगेच ‘सासूबाई’ म्हणू नका (सगळे म्हणतात). धंद्यातला भागीदार असेल, पुण्यातला साहेब असेल, किंवा तुमचे स्वतःचे वडील असतील. या व्यवहारात आणखी कुणाचा शब्द चालतो, एवढं त्याला विचारा आणि नाव त्याच्या तोंडून येऊ द्या.

मधलं कार्ड एकदाच काढायचं. आवडलं नाही म्हणून दुसरं काढलंत, तर त्यातलं कुठलं खरं धरायचं हे तुम्हीच ठरवणार, आणि मग गड्डीला विचारलंच कशाला? तो फोटो घेऊन माझ्याकडे आलात तर मी पहिलंच वाचीन.